श्रद्धा, विश्वास, ईमान : तौलनिक धर्माभ्यासाचा निबंध मराठीत लिहिताना

इंग्रजीतील ‘फेथ’ या एका शब्दासाठी मराठीत किमान चार शब्द हाताशी आहेत : श्रद्धा, विश्वास, निष्ठा आणि इमान. रोजच्या बोलण्यात त्यांपैकी कोणताही चालून जातो. चर्चासत्रात वाचायच्या निबंधात मात्र तसे होत नाही. निबंध दोन-तीन धर्मांच्या तुलनेचा असेल, तर यांपैकी एक शब्द उचलताच निम्मा निष्कर्ष त्या शब्दानेच ठरवून टाकलेला असतो, आणि लेखकाला त्याचा पत्ताही नसतो.

परदेशात राहून धर्मांचा तौलनिक अभ्यास करणाऱ्या मराठी माणसाला ही अडचण अधिक जाणवते. त्याचे वाचन इंग्रजीत झालेले असते, टिपणे इंग्रजीत असतात, युक्तिवादही मनात इंग्रजीतच जुळलेला असतो. महाराष्ट्रातील एखाद्या चर्चासत्रासाठी तो मराठीत उतरवायचा म्हटले, की शब्दकोश उघडून एकेका इंग्रजी शब्दासमोर एकेक मराठी शब्द ठेवण्याचा मोह होतो. पण सभागृहात बसलेल्या श्रोत्यांत वारकरी घरातील प्राध्यापक असतात, वसईचे कॅथलिक असतात, मराठी बोलणारे मुसलमान असतात, बौद्ध असतात. त्या प्रत्येकाची आपल्या धर्माविषयी बोलण्याची स्वतःची मराठी आहे. एकाच्या घरातील शब्दाने दुसऱ्याचा धर्म सांगितला, तर ज्याचा धर्म सांगितला तोच श्रोता प्रथम अस्वस्थ होतो, आणि त्याची अस्वस्थता बहुधा रास्त असते.

चार शब्द, चार इतिहास

‘श्रद्धा’ हा या चौघांतील सर्वांत प्रतिष्ठित शब्द. संस्कृतात त्याचा मूळ अर्थ ‘अंतःकरण एखाद्या ठिकाणी ठेवणे’ असा लावला जातो. परंतु भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात श्रद्धेचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार सांगितले आहेत. म्हणजे या परंपरेत श्रद्धा ही प्रत्येक माणसाच्या ठायी असणारी वृत्ती आहे, आणि ती चांगली की वाईट हे माणसाच्या स्वभावावर अवलंबून असते. ख्रिस्ती धर्मविचारात ‘फेथ’ हे देवाचे दान आहे. त्याचा तामस प्रकार संभवत नाही. शिवाय आजच्या महाराष्ट्रात ‘श्रद्धा’ हा शब्द एकटा ऐकू येत नाही. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती 1989 मध्ये स्थापन झाली, आणि तिच्या कार्यामुळे झालेल्या दीर्घ वादानंतर ‘श्रद्धा’ म्हटले की तिच्यामागून ‘अंधश्रद्धा’ मनात येतेच. हिंदी किंवा गुजराती श्रोत्याला ही सावली इतकी गडद दिसत नाही. मराठी श्रोत्याला दिसते.

‘विश्वास’ हा मराठी बायबलमधील रुळलेला शब्द आहे. प्रॉटेस्टंट मंडळींच्या बोलण्यात ‘विश्वासी’ म्हणजे ख्रिस्ती धर्म मनापासून स्वीकारलेली व्यक्ती. हा शब्द चांगला आहे, पण त्याला एक मर्यादा आहे. विल्फ्रेड कॅन्टवेल स्मिथ यांनी ‘फेथ अँड बिलीफ’ या 1979 च्या ग्रंथात एखाद्यावर जीव टाकणे आणि एखादे विधान खरे मानणे या दोन गोष्टी काळजीपूर्वक वेगळ्या केल्या. मराठीतील ‘विश्वास’ दोन्ही अर्थ पोटात घेतो. नव्या करारात याकोबाच्या पत्रात म्हटले आहे की देव एकच आहे हे भुतेही मानतात, आणि तरी त्यांचा थरकाप होतो. तेथे नुसते मानणे आहे, जीव टाकणे नाही. मराठीत दोन्हीकडे ‘विश्वास’ लिहिले, तर स्मिथ यांचा सारा युक्तिवाद एका वाक्यात विरघळून जातो.

‘इमान’ हा शब्द आणखी फसवा आहे. कुराणातील ‘ईमान’ फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि येथे येऊन प्रामाणिकपणा व स्वामिनिष्ठा यांचा वाचक झाला. ‘इमानदार नोकर’, ‘बेइमान मित्र’ यांत अल्लाहचा संबंध नाही. इस्लामी परंपरेत मात्र ईमानाचा आशय नेमका सांगितलेला आहे : अल्लाह, त्याचे देवदूत, त्याचे ग्रंथ, त्याचे प्रेषित, अंतिम दिवस आणि दैवी नियोजन यांचा स्वीकार. हा अर्थ मराठी कानाला आपोआप ऐकू येत नाही. गंमत अशी की मराठीने उचललेला अर्थही परका नाही. अरबी ‘ईमान’, हिब्रू ‘एमुना’ आणि प्रार्थनेच्या शेवटी येणारे ‘आमेन’ यांचे मूळ एकच, आणि त्या मुळाच्या अर्थात स्थिरता व भरवशाचे असणे आहेच. निबंधकाराने हे एका वाक्यात सांगितले, तर मराठी श्रोत्याला ईमानापर्यंत पोहोचायला स्वतःच्याच भाषेतील पायरी मिळते.

उरला ‘निष्ठा’. तो माणसाचे चिकटून राहणे दाखवतो, पण त्या चिकटून राहण्यामागची ओढ दाखवत नाही. आणि वारकरी अभंगांत शोधायला गेले, तर या चौघांपेक्षा पाचवाच शब्द मध्यभागी बसलेला आढळतो : ‘भाव’. वारकरी परंपरेत ‘श्रद्धा’ शोधणारा अभ्यासक चुकीच्या दारावर थाप मारत असतो.

एक परिच्छेद, दोनदा लिहिलेला

याचा परिणाम प्रत्यक्ष लिखाणात कसा होतो ते पाहू. समजा, निबंधाचा विषय वारकरी, ख्रिस्ती आणि इस्लामी परंपरांतील ‘फेथ’ हा आहे. पहिल्या खर्ड्यात परिच्छेद असा उतरतो :

“वारकरी, ख्रिस्ती आणि इस्लामी या तिन्ही परंपरांनी श्रद्धेला सर्वोच्च स्थान दिले आहे. तिन्हींत श्रद्धा हाच मोक्षाचा मार्ग मानला गेला आहे. कर्मकांडापेक्षा श्रद्धा श्रेष्ठ, असाच तिघांचाही संदेश आहे.”

वाक्ये शुद्ध आहेत, सूर औपचारिक आहे, आणि तीनही विधाने सदोष आहेत. ‘श्रद्धा’ या एका शब्दाने तिन्ही परंपरा एकसारख्या केल्या. साम्य सापडले नाही, ते शब्दाने निर्माण केले. ‘मोक्ष’ म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका. ख्रिस्ती आणि इस्लामी विचारात हा फेराच नाही, तर सुटका कशातून? मराठी ख्रिस्ती लोक ‘तारण’ म्हणतात. आणि वारकरी संत तर मुक्तीपेक्षा भक्तीसाठी पुन्हा जन्म मागतात. तिसरा शब्द ‘कर्मकांड’. तो वेदांच्या कर्मकांड-ज्ञानकांड या विभागणीतून आला, पण आजच्या मराठीत त्याला पोकळ, यांत्रिक आचाराचा वास आहे. इस्लामच्या पाच आधारस्तंभांपैकी नमाज, जकात, रोजा आणि हज हे चार प्रत्यक्ष आचारच आहेत. त्यांना ‘कर्मकांड’ म्हणून श्रद्धेच्या खाली बसवणे हे वर्णन नव्हे, निवाडा आहे. वारकऱ्यांची वारी, एकादशी आणि तुळशीची माळ यांनाही हेच लागू पडते.

दुरुस्तीची पहिली पायरी अशी की तुलनेचा निकष आणि परंपरांचे शब्द वेगळे ठेवायचे. निकषासाठी कोणत्याही परंपरेच्या मालकीचा नसलेला, पण ऐकताच उमगणारा शब्द हवा. येथे ‘ईश्वराभिमुखता’ हा शब्द घेता येईल : ईश्वराकडे तोंड करून असणे. तो रुळलेला नाही, आणि हाच त्याचा गुण आहे. कोणत्याही श्रोत्याच्या मनात त्याचा आधीचा अर्थ नाही. निबंधाच्या दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात त्याची व्याख्या एकदा द्यावी आणि पुढे अर्थ बदलू नये. दुसरी पायरी अशी की प्रत्येक परंपरेबद्दल बोलताना तिचाच शब्द वापरायचा. तिसरी पायरी म्हणजे ‘बिलीफ’साठी स्वतंत्र शब्द. ‘मान्यता’ हा शब्द हिंदीतून सुचतो, पण मराठीत मान्यता शासनाची किंवा विद्यापीठाची असते. ‘समजूत’ लिहिले, तर ती भाबडी वाटते. ‘धारणा’ हे योगाच्या आठ अंगांपैकी सहावे अंग आहे. त्यापेक्षा नाम हवे तेथे ‘धर्ममत’ आणि क्रियापद हवे तेथे साधे ‘मानणे’ पुरते.

आता तोच परिच्छेद असा होतो :

“ईश्वराभिमुखतेला वारकरी परंपरेत ‘भाव’ म्हणतात, मराठी ख्रिस्ती परंपरेत ‘विश्वास’ आणि इस्लाममध्ये ‘ईमान’. तिन्ही शब्द अंतःकरणाची वृत्ती दाखवतात, परंतु ती वृत्ती कशावर टेकलेली आहे हे वेगवेगळे आहे. भाव विठ्ठलाच्या जवळिकीवर टेकतो, विश्वास ख्रिस्ताच्या ठायी पूर्ण झालेल्या देवाच्या वचनावर, तर ईमान अल्लाहच्या एकत्वाच्या आणि मुहम्मदांच्या प्रेषितत्वाच्या साक्षीवर. विधींशी असलेले त्यांचे नातेही सारखे नाही. त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.”

हा परिच्छेद पहिल्यापेक्षा थोडा लांबला, पण आता साम्य कोठे संपते हे दिसू लागले. ‘ईश्वराभिमुखता’ या शब्दाची मर्यादाही लगेच कळते. याच निबंधात बौद्ध परंपरा घ्यायची ठरवली, तर निकषच कोसळतो, कारण तेथे ईश्वर नाही. तेव्हा शब्द ताणण्याऐवजी निकष नव्याने बांधावा लागतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या नावातच ‘धम्म’ हा पाली शब्द आहे, आणि धम्म ‘रिलिजन’हून वेगळा कसा, याची चर्चा त्यांनी ग्रंथात केली आहे. मराठी निबंधात ‘बौद्ध धर्म’ आणि ‘बुद्धाचा धम्म’ हे शब्द आलटून पालटून वापरले, तर ती चर्चा पुसली जाते.

इंग्रजी शब्दांचे काय करावे

परिभाषेच्या बाबतीत दोन टोके टाळावी लागतात. एका टोकाला प्रत्येक इंग्रजी शब्दासाठी नवा संस्कृत शब्द घडवणारे लेखक आहेत, दुसऱ्या टोकाला ‘रिच्युअलचा कॉन्सेप्ट’ असे लिहून मोकळे होणारे. मधला मार्ग तीन प्रश्नांनी सापडतो, आणि ते याच क्रमाने विचारायचे असतात.

पहिला प्रश्न : रुळलेला मराठी शब्द आहे का, आणि त्यावर एखाद्या परंपरेचा शिक्का आहे का? ‘मोनोथीइझम’साठी ‘एकेश्वरवाद’ निर्वेध आहे. ‘मोनिझम’साठी ‘अद्वैतवाद’ मात्र धोक्याचा आहे, कारण तो ऐकताच शंकराचार्य समोर उभे राहतात. स्पिनोझांविषयी लिहिताना ‘एकतत्त्ववाद’ बरा. अभ्यासशाखेचे नावही याच कसोटीवर तपासावे. ‘तौलनिक धर्मशास्त्र’ ऐकून मराठी वाचकाला स्मृतिग्रंथ आणि म. म. पां. वा. काणे यांचा पाच खंडांचा धर्मशास्त्राचा इतिहास आठवतो. ‘धर्मांचा तौलनिक अभ्यास’ किंवा ‘तौलनिक धर्माभ्यास’ यांत हा घोटाळा नाही. राज्य शासनाच्या भाषा संचालनालयाचा तत्त्वज्ञान व तर्कशास्त्र परिभाषा कोश आणि मराठी विश्वकोश ही रुळलेल्या शब्दांसाठी पहिली दोन दारे आहेत.

दुसरा प्रश्न : शब्द नसेल किंवा शिक्क्याचा असेल, तर साध्या मराठीत दोन-तीन शब्दांत सांगता येते का? ‘रिच्युअल’साठी ‘विधी’ पुरतो. ‘मिथ’साठी ‘पुराणकथा’ म्हटले की अठरा पुराणे येतात, आणि ‘मिथक’ शब्दात काहींना ‘मिथ्या’ ऐकू येते. तेव्हा प्रथम उल्लेखाच्या वेळी ‘खरेखोटेपणाचा प्रश्न बाजूला ठेवून’ एवढे जोडले, तर ‘मिथक’ निर्धोक होते.

दोन्ही उत्तरे नकारार्थी आली तरच तिसरा : इंग्रजी शब्द देवनागरीत घ्यावा का? घ्यावा, पण एकदाच समजावून आणि नंतर सातत्याने. पृष्ठ दोनवर ‘थिऑलॉजी’, पाचवर ‘ईश्वरशास्त्र’ आणि आठवर ‘धर्मज्ञान’ असे झाले, तर श्रोत्याला वाटते की तीन वेगळ्या विषयांची चर्चा चालू आहे.

विशेषनामांत हा नियम थोडा उलटा चालतो. इंग्रजी वाचनामुळे हातून ‘मॅथ्यू’, ‘जॉन’, ‘मोझेस’ लिहिले जाते. मराठी ख्रिस्ती वाचकाच्या बायबलमध्ये मत्तय, योहान, मोशे आहेत. ज्या समाजाविषयी लिहायचे, त्या समाजाच्या मराठीतले नाव घ्यावे. इंग्रजी रूप घेतले की मराठी ख्रिस्ती परंपरा परदेशी असल्याचा चुकीचा आभास होतो. ही परंपरा किती जुनी आहे हे सांगायला एक साल पुरेसे आहे : फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ गोव्यात 1616 मध्ये छापले गेले. त्यांनी स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द घेतला. सुमारे तीनशे वर्षांनी पंडिता रमाबाईंनी बायबलचे मराठी भाषांतर करताना हिंदू तत्त्वज्ञानाचा अर्थ चिकटलेले शब्द जाणीवपूर्वक टाळले. शेजाऱ्याचा शब्द घ्यावा की टाळावा, हा आजच्या निबंधकाराचा प्रश्न मराठीने दोन्ही बाजूंनी सोडवून पाहिलेला आहे.

संस्कृत शब्दांचे लेखन

संस्कृत शब्द मराठीत आले की त्यांचे लेखन मराठीच्या नियमांनी होते. 1962 च्या शुद्धलेखन नियमांनुसार संस्कृतातील ऱ्हस्व इकारान्त व उकारान्त शब्द मराठीत दीर्घ लिहायचे, पण समासात ते पूर्वपदी आले तर ऱ्हस्वच राहतात. म्हणून ‘भक्ती’ आणि ‘भक्तीचा’, पण ‘भक्तिमार्ग’. ‘मुक्ती’, पण ‘मुक्तिविचार’. मूळ शब्दच दीर्घ असेल तर तो समासातही दीर्घ राहतो, जसे ‘देवीपूजा’. अवतरण मूळ संस्कृताचे असेल, तर मात्र मूळ लेखनाला हात लावू नये. या भेदाचा फायदाही घेता येतो. इस्लामी संज्ञेसाठी ‘ईमान’ आणि मराठी शब्दासाठी ‘इमान’ असे लेखन सुरुवातीला ठरवून घेतले, तर कागदावर दोन्ही अर्थ वेगळे राहतात. वाचन ऐकणाऱ्याला हा भेद ऐकू येणार नाही, म्हणून वाचताना ‘कुराणातील ईमान’ असे म्हणावे लागते.

औपचारिक म्हणजे काय

औपचारिक भाषा म्हणजे संस्कृत शब्दांची दाटी, हा समज शासकीय परिपत्रकांनी पसरवला आहे. “प्रस्तुत शोधनिबंधाच्या माध्यमातून विश्लेषण करण्यात आलेले आहे” या वाक्यात औपचारिकता नाही, केवळ लांबी आहे. “या निबंधात तीन परंपरांतील शब्दांची तुलना केली आहे” हे वाक्य तितकेच औपचारिक असून अधिक स्वच्छ आहे.

धर्माभ्यासात औपचारिकतेची खरी परीक्षा क्रियापदाच्या शेवटी होते. इंग्रजीत ज्ञानेश्वर, पॉल आणि गझाली या तिघांसाठीही क्रियापदाचे रूप एकच असते. मराठीत आदरार्थी बहुवचन आहे, आणि त्यामुळे लेखकाची जवळीक व दुरावा प्रत्येक वाक्यात उघड होतो. “ज्ञानेश्वर सांगतात” आणि “पौल सांगतो” ही दोन वाक्ये एकाच पानावर आली, तर तुलनेचा तराजू कोठे झुकला आहे हे श्रोत्यांना निष्कर्षापूर्वीच कळते. सोपा नियम असा : सर्व माणसांसाठी आदरार्थी बहुवचन, मग ते संत असोत, प्रेषित असोत की आधुनिक अभ्यासक. बिरुदे पहिल्या उल्लेखात एकदा द्यावीत. ‘ज्ञानेश्वर माउली’ एकीकडे आणि नुसते ‘मुहम्मद’ दुसरीकडे असे होऊ देऊ नये. ईश्वराविषयी मात्र मराठीची रीत वेगळी आहे. भक्त विठ्ठलाला एकेरीत हाक मारतो, “देव म्हणतो” हेही स्वाभाविक वाटते, आणि त्यात अनादर नाही. तेथे प्रत्येक परंपरेची मराठी जशी आहे तशी ठेवावी आणि हा नियम तळटीपेत सांगावा.

निबंध पुरा झाल्यावर दोन तपासण्या उपयोगी पडतात. प्रत्येक तुलनात्मक वाक्यातील परंपरांची नावे अदलाबदल करून पाहावीत. वाक्य तरीही तितकेच खरे वाटले, तर त्याने काहीच सांगितलेले नाही आणि शब्द फार ढिला आहे. मग त्या त्या परंपरेतील एका मराठी वाचकाला तिच्याविषयीचा परिच्छेद तेवढा वाचायला द्यावा आणि एकच विचारावे : हे तुम्ही तुमच्या घरात असे म्हणाल का? ज्या शब्दावर तो अडखळेल, तेथे निबंधकाराने परंपरेचा शब्द सोडून स्वतःचा घातलेला असण्याची शक्यता मोठी. तो शब्द मुद्दामच निवडलेला असेल, तर त्याचे कारण तेथेच लिहावे. नसेल, तर तो बदलावा.